बारा हजार फ्रेम्समधून एक गुरू

10 जानेवारी 2026 ला गुरू प्रतियुतीत आला, तेव्हा तो मिथुन राशीत होता आणि मध्यरात्री पुण्यात जवळजवळ डोक्यावर होता. ग्रहांच्या छायाचित्रणासाठी याहून चांगली जागा आकाशात नसते, कारण डोक्यावरच्या ग्रहाचा प्रकाश हवेच्या सर्वांत कमी जाडीतून येतो. तरीही तेव्हा 8 इंची दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसाला गुरूचं बिंब डुलताना, पसरताना दिसलं असणार. दोन काळसर पट्टे दिसतात, मग पुसट होतात. अधूनमधून क्षणभर हवा थांबल्यासारखी होते, पट्ट्यांच्या कडेच्या वळ्या स्पष्ट होतात आणि दिसल्या म्हणेपर्यंत नाहीशा होतात.

हौशी निरीक्षकांनी गच्चीवरून टिपलेल्या आजच्या छायाचित्रांत मात्र त्या वळ्या असतात, तांबड्या डागाच्या आतली घडणही असते. दुर्बीण तीच, हवाही तीच. या छायाचित्रकारांनी ते स्थिर क्षण तेवढे वेचलेले असतात. या पद्धतीला ‘लकी इमेजिंग’ म्हणतात. तिच्या नावात नशीब असलं, तरी ते नशीब आकड्यांत मांडता येतं.

हवेचा हिशेब

आकाशात कोन मोजायला विकला हे एकक वापरतात. एका अंशात 3600 विकला असतात. प्रतियुतीच्या वेळी गुरूचं बिंब साधारण 46 विकला रुंद होतं. 8 इंची, म्हणजे 20 सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण सुमारे 0.58 विकला अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकते. एखाद्या साधारण रात्री हवा मात्र प्रत्येक बिंदू दोन विकलांहून जास्त पसरवते. याचं कारण तापमान. थंड आणि उबदार हवेचे पुंजके प्रकाश वेगवेगळा वाकवतात. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उष्णता सोडतो, दुर्बिणीची नळी थंड व्हायला वेळ लागतो आणि खूप उंचावर वेगवान वारे वाहत असतात. या सगळ्यांतून प्रकाशाची वाट क्षणोक्षणी बदलत राहते. या अस्थिरतेला निरीक्षक ‘सीइंग’ म्हणतात.

डेव्हिड फ्रीड यांनी 1978 साली एक नेमका प्रश्न सोडवला: अतिशय कमी वेळाचं एक छायाचित्र घेतलं, तर त्या क्षणी हवेनं प्रकाश जवळजवळ न विस्कटलेला असण्याची शक्यता किती? त्यांच्या उत्तरात दोन लांबींचं गुणोत्तर येतं. पहिली लांबी म्हणजे दुर्बिणीचा व्यास. दुसरी म्हणजे हवेचा जेवढा रुंद तुकडा त्या रात्री साधारण एकसंध वागतो तेवढी लांबी. तिला r0 म्हणतात.

दोन विकलांहून थोडं वाईट सीइंग असलेल्या रात्री r0 सुमारे 5 सेंटीमीटर असते. 20 सेंटीमीटरची दुर्बीण तिच्या चौपट आहे. फ्रीड यांच्या गणितानुसार अशा वेळी साधारण तीनांतली एक फ्रेम चांगली निघते. त्याच रात्री शेजारी 35 सेंटीमीटरची, म्हणजे 14 इंची दुर्बीण असेल, तर गुणोत्तर 7 होतं आणि चांगली फ्रेम सुमारे चारशेंत एखादी मिळते. गुणोत्तर 10 झालं, तर दहा लाखांत एक. मोठ्या दुर्बिणीतून अधिक बारीक दिसू शकतं, पण तिच्या रुंद तोंडासमोरची सगळी हवा एकाच वेळी स्थिर असावी लागते. म्हणून वाईट रात्री लहान दुर्बिणीचं चित्र मोठीपेक्षा फारसं मागे पडत नाही, आणि मोठीचं सामर्थ्य दिसायला हवाच चांगली लागते.

दोन मिनिटांचा व्हिडिओ

आपण 8 इंची दुर्बीणच घेऊ. तिच्या मूळ नाभीय अंतराला दीडपट करणारं बार्लो भिंग लावलं आणि मागे 2.9 मायक्रॉन पिक्सेलचा ग्रह-कॅमेरा जोडला, तर एका पिक्सेलवर सुमारे 0.2 विकला येते. गुरूचं बिंब 230 पिक्सेल रुंद होतं. दुर्बिणीला दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील तीन पिक्सेलवर पसरतो. हा तीनचा आकडा पुढे कामाला येणार आहे.

प्रत्येक फ्रेमचा एक्स्पोजर 10 मिलिसेकंद ठेवायचा. त्याहून बराच जास्त ठेवला, तर एकाच फ्रेममध्ये हवेच्या अनेक अवस्था मिसळतात आणि निवडायला काही उरत नाही. FireCapture किंवा SharpCap मध्ये ग्रहाभोवतीची लहानशी चौकट तेवढी निवडली, की सेकंदाला 100 फ्रेम्स सहज नोंदवता येतात. दोन मिनिटांत 12,000 फ्रेम्स होतात. व्हिडिओ SER फाइलमध्ये, आकुंचित न करता साठवायचा, कारण आकुंचनात पहिल्यांदा बारीक तपशीलच जातात.

चित्रणाला दोन मिनिटांची मर्यादा गुरूच घालतो. तो दहा तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाच्या मधला ठिपका मिनिटाला सुमारे 0.24 विकला सरकतो. दोन मिनिटांत तो 0.48 विकला सरकलेला असतो, म्हणजे दुर्बिणीच्या मर्यादेच्या जवळ पोचलेला असतो. त्याहून लांब व्हिडिओ घेतला, तर ग्रहाचं फिरणंच चित्र पुसट करतं. जास्त वेळ टिपायचं असेल, तर अनेक छोटे व्हिडिओ घेऊन त्यांची चित्रं WinJUPOS मध्ये एकाच क्षणाला आणून जुळवावी लागतात.

हवेचा दोष दर क्षणी बदलतो, म्हणून तो निवडीनं टाळता येतो. चुकलेला फोकस किंवा दुर्बिणीचे न जुळलेले आरसे प्रत्येक फ्रेममध्ये सारखेच असतात. हे दोष बाराच्या बारा हजार फ्रेम्समध्ये उतरतात, आणि निवड त्यांच्यापुढे हतबल असते. म्हणून चित्रण सुरू करण्याआधीचा अर्धा तास आरसे आणि फोकस जुळवण्यात घालवणं योग्य ठरतं.

निवड आणि बेरीज

फ्रेम्सची निवड डोळ्यांनी करायची नसते. एमिल क्राइकांप यांचं AutoStakkert! हे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये शेजारच्या पिक्सेलांमधले उजेडाचे बारीक चढउतार मोजतं. चढउतार ठळक, तर फ्रेम रेखीव. मग सगळ्या फ्रेम्स उत्तम ते टाकाऊ अशा क्रमानं लावून ते एक आलेख काढतं. रेघ सुरुवातीलाच झपकन खाली आली, तर चांगले क्षण थोडेच होते, तेव्हा 10 टक्के फ्रेम्स घ्याव्यात. रेघ बराच वेळ वर टिकली, तर निम्म्या घेतल्या तरी चालतं. आपल्या उदाहरणात 25 टक्के घेऊ, म्हणजे 3000 फ्रेम्स.

निवडलेल्या फ्रेममध्येही बिंबाचा एक कोपरा रेखीव आणि दुसरा किंचित सरकलेला असू शकतो. म्हणून सॉफ्टवेअर बिंबावर अनेक जुळणीबिंदू ठेवतं आणि प्रत्येक बिंदूभोवतीचा तुकडा स्वतंत्रपणे निवडून जागेवर आणतं. हे तुकडे फार लहान ठेवले, तर सॉफ्टवेअर तपशिलाऐवजी दाणेदार नॉइजच जुळवू लागतं. तसं झालं, की तयार चित्रावर जाळीसारखे सांधे दिसतात. तेव्हा तुकडे मोठे करून पुन्हा जुळणी करायची.

मग या 3000 फ्रेम्सची सरासरी काढतात. तिलाच स्टॅकिंग म्हणतात. एका फ्रेममधला नॉइज यादृच्छिक असतो, आणि सरासरीत तो फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत कमी होतो. 3000 फ्रेम्समध्ये तो सुमारे 55 पटींनी घटतो, 100 फ्रेम्समध्ये फक्त 10 पटींनी. निवडीतली खरी ओढाताण इथं आहे. कमी फ्रेम्स घेतल्या तर चित्र रेखीव पण दाणेदार येतं, जास्त घेतल्या तर गुळगुळीत पण मऊ.

वेव्हलेट काय करतात

स्टॅक झालेलं चित्र पहिल्यांदा पाहणारा बहुधा निराश होतो, कारण ते मऊ दिसतं. पण त्यातला तपशील गेलेला नसतो, त्याचा उठाव कमी झालेला असतो. उरलेल्या हवेनं आणि दुर्बिणीच्या प्रकाशशास्त्रानं बारीक रेषा फिकट केलेल्या असतात. 55 पटींनी कमी झालेल्या नॉइजमुळे त्या रेषा आता बिनधास्त वर उचलता येतात. एकट्या फ्रेमवर हेच केलं, तर सगळ्यात आधी दाणे वर येतात.

कॉर बेरेव्हूट्स यांच्या RegiStax मुळे वेव्हलेट हौशी निरीक्षकांमध्ये रुळले. त्यामागची रीत सोपी आहे. चित्र किंचित धूसर करून मूळ चित्रातून वजा केलं, की सर्वांत बारीक तपशिलांचा पहिला थर हाती येतो. धूसर चित्र आणखी धूसर करून पुन्हा वजाबाकी केली, की थोड्या मोठ्या तपशिलांचा दुसरा थर मिळतो. असे पाच-सहा थर आणि शेवटी उरलेलं ढोबळ चित्र यांची बेरीज केली, तर मूळ चित्र जसंच्या तसं परत येतं. बेरजेआधी एखाद्या थराला मोठ्या संख्येनं गुणलं, तर फक्त त्याच आकाराचे तपशील उठून दिसतात.

सगळ्यात बारीक थरापासून सुरुवात करायचा मोह होतो. इथं तीनचा आकडा उपयोगी पडतो. पहिला थर साधारण एका पिक्सेलच्या तपशिलांचा असतो, आणि तेवढं बारीक आपल्या दुर्बिणीला दिसूच शकत नाही. त्यात मुख्यतः नॉइज असतो. तो दाबायचा आणि दुसरा, तिसरा थर वाढवायचा, कारण गुरूचे खरे तपशील तिथंच राहतात.

अती झालं, की चित्र स्वतःच सांगतं. काळ्या आकाशाला लागून असलेल्या बिंबाच्या कडेवर तेजस्वी रेघ आणि तिच्या आत गडद कमान उमटते. उपग्रहांभोवती काळी कडी येतात. ही दिसली, की सरकपट्टी मागे घ्यायची. बिंबाच्या मधला एखादा ठिपका खरा की बनावट, हे ठरवायला दुसरा व्हिडिओ लागतो. दहा मिनिटांनी घेतलेल्या स्वतंत्र व्हिडिओतही तो हवा, आणि ग्रहाच्या फिरण्यानुसार सरकलेला हवा. तसा नसेल, तर तो गुरूवर नाही.

19 जुलै 2009 ला ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग दिसला. त्यांची दुर्बीण साडेचौदा इंची होती. डाग ग्रहाबरोबर फिरत होता, त्यामुळे तो उपग्रहाची सावली नव्हता. दुसऱ्या दिवशी हवाईमधल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीनं तो आघाताचा वण असल्याचं दाखवलं.

3 जून 2010 ला वेस्ली यांच्याच व्हिडिओत गुरूवर सुमारे दोन सेकंदांचा लखलखाट नोंदला गेला. फिलिपिन्सच्या क्रिस्टोफर गो यांच्या व्हिडिओतही तो सापडला. स्टॅकिंगची मर्यादा या घटनेत नेमकी दिसते. दोन मिनिटांच्या सरासरीत दोन सेकंदांचा प्रकाश साठाव्या हिश्श्यावर येतो आणि निवडीत कदाचित पूर्ण गळून पडतो. सरासरी तेच ठेवते जे टिकून असतं. म्हणून सुंदर चित्र तयार झाल्यावर मूळ SER फाइल लगेच पुसू नये. मार्क डेलक्रॉ यांचं DeTeCt हे सॉफ्टवेअर असे लखलखाट शोधण्यासाठीच आहे. टाकून दिलेल्या नऊ हजार फ्रेम्स आधी त्यातून तपासाव्यात आणि मगच डिस्क रिकामी करावी.