‘डिस्पाइट’च्या मागे ‘ऑफ’ कशाला?

सरस प्रदर्शनात स्टॉल लावायचा असला की आपले गट मालाजवळ ठेवायला छोटं कार्ड करतात. वर मराठी, खाली दोन ओळी इंग्रजी. शहापूर आणि मुरबाडच्या गटांची अशी कार्डं छापण्याआधी माझ्याकडे बघायला येतात. त्यातली एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून आज फक्त तिच्याबद्दल बोलू.

आपल्याला सांगायचं असतं ते असं : तालुक्यात दोन मोठी धरणं असूनही मे महिन्यात आमच्या पाड्यावर टँकरची वाट बघावी लागते. शहापूरच्या बाईला हे समजावून सांगायला नको. तानसा धरण १८९२ सालचं आहे आणि भातसाही आपल्याच तालुक्यात आहे. दोन्हींचं पाणी मुंबईला जातं. आता हे वाक्य कार्डावर इंग्रजीत असं उतरतं : ‘डिस्पाइट ऑफ टू डॅम्स, अवर पाडा वेट्स फॉर अ टँकर.’

यातला ‘ऑफ’ चुकीचा आहे. तो आला कुठून, तर शेजारच्या घरातून. ‘इन स्पाइट ऑफ’ हा याच अर्थाचा दुसरा शब्दप्रयोग, आणि त्यात ‘ऑफ’ लागतोच. दोन्ही कानावर पडलेले असतात, लिहिताना एकाचं शेपूट दुसऱ्याला लागतं. आपल्या मराठीवरून हे लगेच कळेल. आपण ‘पावसामुळे’ म्हणतो, किंवा ‘पावसाच्या कारणाने’ म्हणतो. ‘कारण’ हे नाम आलं की ‘च्या’ लागतो. ‘मुळे’ मात्र शब्दाला थेट चिकटतो. ‘पावसाच्यामुळे’ची गरज नसते. ‘डिस्पाइट’ आपल्या ‘मुळे’सारखा आहे, अर्थ उलटा असला तरी. ‘स्पाइट’ हे नाम आहे, म्हणून त्याच्यामागे ‘ऑफ’ येतो. जुन्या इंग्रजीत ‘इन डिस्पाइट ऑफ’ असंही म्हणत असत. पुढे झिजून नुसता ‘डिस्पाइट’ उरला, आणि त्याचा ‘ऑफ’ गेला तो गेलाच.

तेव्हा बरोबर वाक्यं दोन : ‘डिस्पाइट टू डॅम्स, अवर पाडा वेट्स फॉर अ टँकर’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ टू डॅम्स’ आणि पुढे तेच. अर्थात काही फरक नाही. कार्डावर जागा कमी असते, म्हणून मी पहिलं घेते. दुसरं घेतलंत तर इन, स्पाइट, ऑफ हे तीन शब्द सुटे लिहा. पहिले दोन जोडून लिहिण्याची सवयही आपल्याकडे खूप आहे.

मग ‘ऑल्दो’ कुठे? हा म्हणजे आपला ‘जरी’. याच्यामागे नुसतं नाम चालत नाही, पूर्ण वाक्य लागतं, कर्ता आणि क्रियापदासकट. ‘ऑल्दो अवर तालुका हॅज टू डॅम्स, अवर पाडा वेट्स फॉर अ टँकर.’ तपासायची युक्ती सोपी आहे. पहिल्या शब्दावर बोट ठेवा आणि स्वल्पविरामापर्यंतचं उरलेलं वाचा. ‘अवर तालुका हॅज टू डॅम्स’ हे एकटं उभं राहतं, म्हणून ‘ऑल्दो’. ‘टू डॅम्स’ एवढ्यावर वाक्य होत नाही, म्हणून ‘डिस्पाइट’. ‘डिस्पाइट वी हॅव टू डॅम्स’ म्हणूनच चुकतं.

इथे मराठी आपल्याला आणखी एका खड्ड्यात ढकलते. आपण ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ म्हणतोच. ती जोडी सुटत नाही. त्यामुळे ‘ऑल्दो’ लिहिलं की हात पुढे ‘बट’ लिहितो. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवलात तर ‘बट’ खोडा, किंवा ‘बट’ ठेवा आणि ‘ऑल्दो’ खोडा.

आणि आपलं ‘असूनही’? ते ‘डिस्पाइट हॅविंग’ असं करता येतं. पण सांभाळा. ज्याच्याकडे धरणं आहेत तोच पुढच्या वाक्याचा कर्ता असावा लागतो. ‘डिस्पाइट हॅविंग टू डॅम्स, अवर पाडा वेट्स’ लिहिलं तर धरणं पाड्याची होतात! धरणं तालुक्यात आहेत, म्हणून ‘अवर तालुका वेट्स फॉर टँकर्स’ असं हवं. मराठीत आपण हे इतकं बघत नाही.

‘डिस्पाइट ऑफ’ लिहिल्याने वाचणाऱ्याला अर्थ कळत नाही, असं नाही. कळतोच. पण बँकेच्या अर्जासोबतच्या निवेदनातही हीच ओळ जाते. ‘डिस्पाइट ऑफ रेग्युलर रिपेमेंट, अवर सेकंड लोन इज पेंडिंग.’ तक्रार खरी असते, हप्ते वेळेवर भरलेले असतात, आणि साहेबाची नजर आधी त्या ‘ऑफ’वर जाते. तेवढा एक शब्द खोडला की वाक्य पूर्ण बरोबर आहे. बाकी काही बदलायचं नाही.