लघुदृष्टी की लघुदृष्टीचा आभास?

दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत ‘फळ्यावरचे दिसत नाही’ ही तक्रार घेऊन येणारा विद्यार्थी आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. जळकोटसारख्या गावातील असा एक विद्यार्थी उदाहरणादाखल घेऊ. रोज सहा-सात तास वाचन, सायंकाळी कपाळ दुखणे, दूरची दृष्टी कधी स्पष्ट तर कधी धूसर. संगणकीय यंत्रावर चष्म्याचा नंबर मायनस १.७५ येतो. तेवढ्यावरून चष्मा द्यावा काय?

जवळचे पाहताना डोळ्यातील सिलिअरी स्नायू आकुंचन पावतो व भिंग अधिक फुगीर होते. दीर्घ वाचनानंतर हे आकुंचन सुटले नाही, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या पुढे पडते. खऱ्या लघुदृष्टीतही असेच घडते. मात्र तेथे कारण बहुधा नेत्रगोलकाच्या वाढलेल्या लांबीचे असते. नंबरात होणारा चढउतार आकुंचनाचा संशय निर्माण करतो; निर्णय थेंबांनंतरच होतो.

याकरिता नेत्रतज्ज्ञ १ टक्का सायक्लोपेन्टोलेटचा एक थेंब व पाच-दहा मिनिटांनी दुसरा थेंब घालतात. सुमारे ४० मिनिटांनी रेटिनोस्कोपने पुन्हा मापन होते. आपल्या विद्यार्थ्याचे मापन आता प्लस ०.५० आले, तर लघुदृष्टी नव्हतीच. मायनस १.७५ कायम राहिले, तर ती खरी. मायनस ०.७५ उरले, तर दोन्हींचे मिश्रण असून चष्मा उरलेल्या नंबराचाच विचारात घ्यावा लागतो.

येथे एक चूक संभवते. बाहुली विस्फारली म्हणजे स्नायू सैल झाला, असे नव्हे. ट्रॉपिकामाइडने बाहुली चटकन मोठी होते, परंतु स्नायूवरील त्याचा परिणाम तुलनेने दुबळा व अल्पकालीन असतो. गडद बुबुळांत तर थेंबांचा परिणाम सावकाश होतो. म्हणून मापनापूर्वी जवळचे अक्षर अस्पष्ट झाल्याची खात्री करावी लागते.

थेंबांनंतर सुमारे एक दिवस वाचन अवघड होते व ऊन सहन होत नाही. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी ही तपासणी नको. बालकांत क्वचित चेहरा लाल होणे, ज्वर वा असंबद्ध बडबड आढळते. औषध दुकानदार बंधूंनी हे थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. ॲट्रोपिनवर्गीय द्रव्ये धोत्र्यात असली, तरी धोत्र्याचा रस डोळ्यात घालणे सर्वथा वर्ज्य आहे. त्यातील मात्रा अनिश्चित असते.

वैद्यवर्गासाठी यातून एक प्रश्न उभा राहतो. तर्पणानंतर ‘नंबर उतरला’ असे आपण म्हणतो, तेव्हा आधीचा नंबर थेंब घालून मोजलेला होता काय? नसल्यास, विश्रांतीने सुटलेल्या आकुंचनाचे श्रेय आपण तुपाला देत असू. उपचारापूर्वी व नंतर, दोन्ही वेळा थेंबांनंतरचे मापन नोंदवावे. अनुभवाला पुरावा म्हणता येईल, तो त्यानंतरच.