अडीच महिन्यांची नोकरी

पुण्यातल्या एका मुलीने चाचणी अभियंता म्हणून नोकरी धरली. प्रत्यक्षात तिला रात्रपाळीत ग्राहकांचे फोन घ्यायला बसवलं. अडीच महिन्यांत तिने राजीनामा दिला. आता दुसऱ्या कंपनीच्या एचआरने मेलवर विचारलंय, "तिथून इतक्या लवकर का निघालात?"

ही नोकरी बायोडेटातून गाळावी, असं अनेकजण सुचवतात. मला ते पटत नाही. तिचा पीएफ कापला गेला असेल, तर यूएएनच्या नोंदीत त्या कंपनीचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख असते. पार्श्वभूमी पडताळणीत ती दिसली, की अडीच महिन्यांपेक्षा लपवाछपवीच जास्त खटकते, आणि हाती आलेलं ऑफर लेटरही जाऊ शकतं.

उत्तर चार-पाच वाक्यांचं पुरे: "मी तिथे जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत होते. निवड चाचणीच्या कामासाठी झाली होती, पण मिळालेलं काम ग्राहकसेवेचं होतं. बदलाबद्दल व्यवस्थापकांशी बोलले. तशी जागा नव्हती, म्हणून नोटीस पूर्ण करून निघाले. रिलिव्हिंग लेटर सोबत जोडलं आहे."

यात जुन्या साहेबांबद्दल एकही विशेषण नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक वाक्य कागदाशी ताडून बघता येतं. नोटीस पूर्ण केली नसेल, तर मात्र ते वाक्य बदलावं: "नोटीसऐवजी पगार भरला." आणि कंपनीनेच काढलं असेल, तर "मी सोडली" असं लिहू नये, पडताळणीवाले जुन्या एचआरला नेमकं तेच विचारतात.