शैक्षणिक शुल्कवाढ आणि चढत्या हप्त्याची बचत

प्रस्तुत लेखात ठरावीक दराने वाढणाऱ्या शुल्कासाठी बचतीचा हप्ता कसा काढावा, याचे विवेचन केले आहे. रहिमतपूर (ता. कोरेगाव) येथील सहा वर्षांची एक मुलगी बारा वर्षांनी चार वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेईल, असे मानू. आजचे वार्षिक शुल्क १ लाख रुपये असून ते दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते.

बारा वर्षांत ९६ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट, असा हिशेब पालक सहज करतात. परंतु वाढीवरही वाढ होत असल्याने प्रवेशवर्षाचे शुल्क सुमारे २ लाख ५२ हजार होते.

बचतीवरही ८ टक्के व्याज मिळाल्यास दोन्ही वाढी एकमेकींस छेदतात. मग आजच्या मूल्याचे ४ लाख बारा वार्षिक हप्त्यांत विभागले की पुरे. वर्षारंभी भरावयाचा पहिला हप्ता ३३,३३३ रुपये, पुढील प्रत्येक ८ टक्क्यांनी मोठा. बारावा सुमारे ७७,७०० रुपये. समान हप्ता हवा असल्यास तो ४९,१५० रुपये पडतो. ऊसबिलावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचे उत्पन्न असे नियमित चढत नाही. त्यास समान हप्ताच अधिक सोयीचा. व्याज ६ टक्केच मिळाले, तर चढता पहिला हप्ता ३८,६४० रुपयांवर जातो.

सुकन्या समृद्धी खात्यात एक अडचण राहते. शिक्षणासाठी मागील वर्षाअखेरच्या शिलकेच्या निम्मीच रक्कम काढता येते आणि खाते एकवीस वर्षांनी, म्हणजे येथे मुलीच्या सत्ताविसाव्या वर्षी, परिपक्व होते. त्यामुळे उरलेल्या शुल्काची बचत अन्यत्र करणे भाग पडते.