‘माहीत आहे’ म्हणजे नेमकं किती माहीत?

‘आपला ब्रँड ७१ टक्के ग्राहकांना माहीत आहे,’ असा आकडा कंपनीच्या बैठकीत पडद्यावर येतो आणि सगळे खूश होतात. त्याच अहवालात दोन पानं आधी त्याच ब्रँडसमोर २२ टक्के लिहिलेले असतात आणि त्याच्याही आधी ६ टक्के. तिन्ही आकडे त्याच ग्राहकांनी त्याच दिवशी दिलेल्या उत्तरांतून आलेले असतात आणि तिन्ही बरोबर असतात. बदललेला असतो तो फक्त प्रश्न. ब्रँड किती लोकांना ठाऊक आहे हे मोजण्याचं सगळं शास्त्र या तीन प्रश्नांभोवती उभं आहे.

उदाहरणासाठी कांदा-लसूण मसाल्याचा एक ब्रँड कल्पू. तो पुण्यात आणि कोल्हापुरात विकला जातो. ब्रँड काल्पनिक आहे आणि त्याचे आकडेही. पाहणीची रीत मात्र खरी आहे.

सर्व्हे करणारी मुलगी टॅबलेट घेऊन दारात येते आणि विचारते, “ताई, कांदा-लसूण मसाला म्हटलं की तुम्हाला कुठकुठले ब्रँड आठवतात?” ताईंच्या तोंडून निघालेलं पहिलं नाव वेगळं नोंदवलं जातं. या धंद्यात त्याला ‘टॉप ऑफ माइंड’ म्हणतात. मग ती मुलगी “आणखी कुठला?” असं विचारत राहते आणि ताई “बस, एवढेच” म्हणेपर्यंत आलेली सगळी नावं टिपते. पहिलं नाव धरून ही सगळी नावं म्हणजे विनासंकेत आठवण, म्हणजेच ‘स्पॉन्टेनियस’ किंवा ‘अनएडेड’ आकडा. त्यानंतरच यादी पुढे येते. “आता मी काही नावं वाचते. यांतली कुठली तुम्ही ऐकली आहेत?” इथे मिळालेले होकार आणि आधी आपणहून सांगितलेली नावं मिळून संकेतासह ओळखीचा, म्हणजे ‘एडेड’ आकडा तयार होतो. आपल्या ब्रँडचे ६, २२ आणि ७१ टक्के असे आले.

प्रश्नांचा हा क्रम उलटा करता येत नाही. यादी एकदा दिसली की पुढचं कुठलंच उत्तर ‘आपणहून आठवलेलं’ राहत नाही. पाहणी कोणासाठी चालली आहे हेही याच कारणाने सुरुवातीला सांगत नाहीत. घरात कोणी जाहिरात, पत्रकारिता, बाजार संशोधन किंवा मसाल्याच्या धंद्यात असेल, तर नमस्कार करून पुढच्या घरी जातात.

मग या आकड्यांपैकी महत्त्वाचा कोणता? हे माल कसा विकत घेतला जातो यावर ठरतं. किराणा दुकानाच्या काउंटरपलीकडे उभं राहून गिऱ्हाइकाला नाव घेऊन मागावं लागतं. तिथे जे नाव आपणहून आठवतं तेच ओठांवर येतं, म्हणून तिथे विनासंकेत आकडा कामाचा. सुपरमार्केटमध्ये पाकिटं समोरच मांडलेली असतात. तिथे पाकीट पाहून ओळख पटली तरी पुरतं. अशा ठिकाणी नुसतं नाव वाचून दाखवण्यापेक्षा पाकिटाचं चित्र दाखवून विचारणं जास्त योग्य ठरतं. आपल्या मसाल्याची बहुतेक विक्री किराणा दुकानांतून होत असेल, तर मालकाने २२ कडे बघायला हवं; ७१ वर समाधान मानणं ही फसगत आहे.

यादी वाचून मिळालेला आकडा मऊही असतो. समोरच्याला नाराज करू नये म्हणून, किंवा नाव ओळखीचं वाटलं म्हणून, लोक सहज होकार देतात. हे तपासायला यादीत एक बनावट नाव घालतात, बाजारात नसलेलं पण खरं वाटेल असं. त्या नावाला १० टक्के लोकांनी ‘ऐकलंय’ म्हटलं, तर बाकीच्या होकारांतही किती भर निव्वळ अंदाजाची असेल याची कल्पना येते. मोठी नावं नेहमी आधी वाचली जाऊ नयेत म्हणून टॅबलेट दर घरी यादीचा क्रम बदलतो.

दोन्ही आकड्यांचं आपसातलं नातंही सरळ रेषेचं नाही. लॉरां, काफ्फेरर आणि रूसेल या फ्रान्समधल्या तीन अभ्यासकांनी १९९५ मध्ये दाखवलं की संकेतासह ओळख बरीच वाढेपर्यंत विनासंकेत आठवण तळाशीच रेंगाळते आणि मग झपाट्याने चढते. त्यामुळे नव्या ब्रँडची ओळख ३० वरून ५० टक्क्यांवर गेली आणि आपणहून आठवण जवळजवळ हललीच नाही, तर जाहिरात फसली असं लगेच म्हणता येत नाही. उलट, जुन्या ब्रँडला यादीत बहुतेक सगळे ओळखतात पण आपणहून कोणी नाव घेत नाही, ही धोक्याची खूण आहे. डेव्हिड आकर यांनी आपल्या पुस्तकात अशा ब्रँडांच्या जागेला स्मशान म्हटलं आहे.

एकदाच घेतलेल्या मापाने ब्रँड वर चालला आहे की खाली, हे कळत नाही. त्यासाठी तीच पाहणी पुन्हापुन्हा करतात. तिला ट्रॅकिंग म्हणतात. तिचा आराखडा ठरवताना पहिला प्रश्न असतो, विचारायचं कोणाला? कोल्हापुरात अनेक घरांत वर्षाची चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटून घेतात. या घरांना वगळलं तर पाकिटाचा मसाला घेणाऱ्यांतली ओळख मोजली जाते आणि आकडा चढा येतो. त्यांना धरलं तर आकडा उतरतो, पण पुढे ग्राहक होऊ शकणारी घरंही मोजली जातात. दोन्ही पर्याय चालतात, मात्र एकदा निवडलेला पर्याय पुढे बदलायचा नाही. प्रश्नाच्या शब्दांचंही तसंच. एका फेरीत ‘कांदा-लसूण मसाला’ आणि पुढच्या फेरीत नुसतं ‘मसाला’ विचारलं, तर लोकांना गरम मसाल्याचे आणि बिर्याणी मसाल्याचे ब्रँड आठवू लागतात आणि आपलं नाव गर्दीत मागे पडतं.

मग घरं निवडायची. शहरातले ठरावीक भाग घेऊन, तिथल्या एका ठिकाणापासून उजव्या हाताने चालत, मध्ये काही घरं सोडत विचारतात. वय आणि आर्थिक स्तर यांचा कोटा प्रत्येक फेरीत सारखाच ठेवतात. आर्थिक स्तरासाठी २०११ मध्ये आलेली एनसीसीएस ही वर्गवारी बरीच वापरात आली. ती घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंच्या यादीतल्या किती वस्तू घरात आहेत यांवरून ठरते. एका फेरीत वरच्या स्तरातल्या बायका जास्त सापडल्या, तर जाहिरातीवर एक पैसाही खर्च न होता ओळख ‘वाढलेली’ दिसते.

आता किती जणींना विचारायचं ते पाहू. आपल्या ब्रँडने कोल्हापुरात ३०० जणींना विचारलं आणि २२ टक्के आले. मग टीव्हीवर जाहिरात केली, पुन्हा वेगळ्या ३०० जणींना विचारलं, तर २७ टक्के आले. जाहिरात लागू पडली असं वाटणारच. पण एवढ्या नमुन्यात दोन फेऱ्यांमधला जवळजवळ ७ अंकांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे ५ अंकांच्या वाढीवरून काहीही ठामपणे सांगता येत नाही. वाढ खरोखर ५ अंकांची असेल आणि ती पाचपैकी चार वेळा तरी पकडली जावी असं वाटत असेल, तर प्रत्येक फेरीत साधारण ११५० जणी लागतील. उजव्या हाताने चालत, कोट्याने निवडलेला नमुना शुद्ध यादृच्छिक नसतो, म्हणून हे गणितसुद्धा थोडं उदारच आहे. एवढा खर्च परवडत नसेल, तर प्रामाणिक मार्ग एकच. पाहणी सुरू करण्याआधीच कागदावर लिहून ठेवायचं की ७ अंकांपेक्षा लहान बदलाला आपण बदल मानणार नाही.

फेऱ्या केव्हा घ्यायच्या हाही नाजूक प्रश्न आहे. मार्च ते मे या काळात घरोघरी तिखट-मसाल्याचाच विषय असतो. पहिली फेरी ऑक्टोबरमध्ये आणि दुसरी एप्रिलमध्ये घेतली, तर जाहिरातीचा परिणाम आणि मोसमाचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. यावर दोन उपाय आहेत. फेऱ्या दरवर्षी त्याच महिन्यांत घ्यायच्या, किंवा फेऱ्या सोडून वर्षभर सलग विचारत राहायचं. सलग पद्धतीत कोल्हापुरात आठवड्याला २५ जणींना विचारलं, तर १२ आठवड्यांत ३०० होतात. दर आठवड्याला सर्वांत जुने २५ काढून नवे २५ घालतात आणि सरकती सरासरी मांडतात. जाहिरात केव्हा सुरू झाली, आठवण केव्हा चढली आणि जाहिरात थांबल्यावर किती दिवसांत विरली, हे त्यातून दिसतं. पण सरासरी सरकती असल्याने बदल उशिरा दिसतो, आणि शेजारच्या दोन आकड्यांत बऱ्याचशा त्याच बायका असतात. म्हणून या आठवड्याचा आकडा मागच्या आठवड्याशी ताडायचा नसतो. १२ आठवड्यांचा एक पूर्ण गट दुसऱ्या पूर्ण गटाशी ताडायचा.

एवढं करूनही चुका होतात, आणि बहुतेक रस्त्यावर होतात. दुपारच्या उन्हात थकलेली सर्व्हेवाली “आणखी कुठला?” हा प्रश्न दोनदा विचारायचा सोडून देते. मग पहिल्या नावाचा आकडा जागेवर राहतो आणि विनासंकेत आकडा घसरतो. ही चूक ओळखण्याचा चांगला मार्ग म्हणजे एका ताईने सरासरी किती ब्रँडांची नावं घेतली ते पाहणं. ती सरासरी ३.४ वरून २.६ वर आली असेल आणि आपल्याबरोबर सगळेच प्रतिस्पर्धी घसरले असतील, तर बाजारात काही घडलेलं नाही. प्रश्न विचारण्यात ढिलाई झाली आहे. असा घसारा एकाच सुपरवायझरच्या मुलाखतींत दिसला, तर बिघाड कुठे आहे हेही कळतं. म्हणूनच मुलाखतींचा आवाज रेकॉर्ड करतात आणि काही घरी फोन करून उत्तरं पडताळतात. याच्या उलट, एकच ब्रँड हलला आणि बाकीचे जागेवर राहिले, तर ती हालचाल खरी असण्याची शक्यता जास्त.

सर्वांत मोठी उलथापालथ संस्था बदलली की होते. नवी संस्था यादी १२ नावांवरून ८ वर आणते, घरी जाण्याऐवजी मोबाइलवर प्रश्न पाठवते, आणि ७१ चे ८४ होतात. मोबाइलच्या पडद्यावर यादी डोळ्यांनी वाचली जाते, उत्तर देणारे वेगळे असतात, आणि आपणहून नावं टाइप करायचा कंटाळा येतो. ओळख वाढली आणि आठवण घटली असं विचित्र चित्र तयार होतं. पद्धत बदलणं अटळ असेल, तर एक फेरी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी एकाच वेळी घ्यायची आणि दोन्हींतला फरक मोजून ठेवायचा. त्यात पैसे जातात. पण तसं केलं नाही तर आधीच्या सगळ्या वर्षांचे आकडे तुलनेसाठी निकामी होतात.

छोटा उद्योग असो, सहकारी दूध संघ असो की घरगुती मसाल्याचा कारखाना, ब्रँडच्या ओळखीचा आकडा कोणी समोर ठेवला तर मालकाने तीन गोष्टी विचाराव्यात. हे नाव लोकांनी आपणहून घेतलं की यादीतून ओळखलं? मागच्या वेळी हाच प्रश्न, याच क्रमाने, अशाच लोकांना विचारला होता का? आणि किती जणांना विचारलं? या तिन्हींची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय जाहिरातीचं पुढचं बजेट मंजूर करू नये.