चार वह्या, चार उत्तरे

महाविद्यालयातून निवृत्त झालो तरी रसायनशास्त्र घराचा उंबरठा सोडत नाही. मागे एका रविवारी आमच्या शेजारची मुलगी संध्याकाळी वही घेऊन आली. बारावीला आहे. म्हणाली, "काका, उद्या असाइनमेंट द्यायची आहे. एकच गणित आहे आणि आम्हा चौघींची उत्तरे चार आली आहेत. माझे मी खोडून टाकू का?" वर्गात पहिली येणाऱ्या मैत्रिणीचे उत्तर वेगळे होते, एवढेच खोडण्याचे कारण होते.

गणित विद्युतघटाचे होते. पुस्तकात घट एका ओळीत लिहितात, तो असा:

Cu | Cu²⁺ (0.10 M) || Ag⁺ (0.0010 M) | Ag

ही ओळ सूत्र समजून वाचू नये, चित्र समजून वाचावी. डावीकडे मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची पट्टी बुडवलेली आहे. उजवीकडे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदीची तार आहे. एक उभी रेघ म्हणजे जिथे धातू संपून द्रावण सुरू होते ती सीमा. मधल्या दोन रेघा म्हणजे दोन्ही भांड्यांना जोडणारा क्षारसेतू. तो द्रावणे मिसळू देत नाही, पण विद्युतभार इकडून तिकडे जाऊ देतो. कंसातला आकडा एका लिटरमध्ये किती मोल आयन आहेत ते सांगतो. डाव्या हाताला ऑक्सिडीकरण आणि उजव्या हाताला क्षपण, हा लिहिण्याचा संकेत आहे. म्हणजे तांबे इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरते आणि चांदीचे आयन ते इलेक्ट्रॉन घेऊन तारेवर बसतात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या मराठी पुस्तकांत ॲनोडला धनाग्र म्हणतात. विद्युत अपघटनात ते ठीक आहे, पण अशा घटात ॲनोड हे ऋण टोक असते. बिचारी मुले तिथेच अडखळतात. म्हणून वर्गात मी ॲनोड आणि कॅथोड हेच शब्द वापरत असे.

आता चार वह्यांतली चार उत्तरे पाहा: ०.३१२, ०.४०१, ०.६०८ आणि १.११२ व्होल्ट. तक्त्यातले आकडे चौघींनी सारखेच घेतले होते. चांदीचे प्रमाण क्षपण विभव ०.८० व्होल्ट आणि तांब्याचे ०.३४. ही विभवे हायड्रोजनच्या अर्धघटाला शून्य मानून मोजलेली असतात आणि २५ अंश सेल्सिअसला, द्रावणात लिटरमागे एक मोल आयन असताना लागू पडतात. उजवीकडच्यातून डावीकडचे वजा केले की ०.४६ व्होल्ट मिळतात. इथपर्यंत वाद नव्हता. अपवाद फक्त १.११२ वालीचा.

तिने काय केले होते? तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि चांदीचा एक आयन एकच घेतो. हिशेब जुळायला चांदीचे दोन आयन लागतात. म्हणून तिने चांदीची अभिक्रिया दोनाने गुणली आणि त्याबरोबर ०.८० लाही दोनाने गुणले. मी शेजारच्या मुलीला विचारले, "गच्चीवरच्या टाकीतून एक बादली पाणी सोडले काय आणि दोन बादल्या सोडल्या काय, टाकीची उंची बदलते का?" विभव ही उंची आहे. दुप्पट इलेक्ट्रॉन गेले तर मिळणारी ऊर्जा दुप्पट होते, पण प्रत्येक इलेक्ट्रॉनमागची ऊर्जा तेवढीच राहते. अभिक्रिया कितीने गुणली तरी विभव गुणायचे नसते.

उरलेल्या तिघींत खरी गंमत आहे. द्रावणे लिटरमागे एक मोलाची नव्हती, त्यामुळे ०.४६ हे उत्तर नव्हेच. इथे वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचे समीकरण लागते. ते त्यांनी १८८९ साली, वयाच्या पंचविशीच्या आसपास असताना मांडले. २५ अंशाला ते असे लिहितात:

E = E° − (0.0592 / n) log Q

n म्हणजे किती इलेक्ट्रॉनची देवघेव झाली ती संख्या, इथे दोन. Q म्हणजे तयार होणाऱ्या आयनांची तीव्रता भागिले खर्च होणाऱ्या आयनांची तीव्रता. घन धातू त्यात येत नाहीत. पट्टी लहान असो की मोठी, घटाचे विभव तेवढेच राहते. चांदीचे मात्र दोन आयन खर्च होतात, म्हणून तिच्या तीव्रतेचा वर्ग घ्यायचा. ०.००१ चा वर्ग म्हणजे दहा लाखांश. ०.१ ला त्याने भागले की एक लाख येतात, आणि त्याचा लॉगरिदम पाच. ०.०५९२ च्या निम्म्याला पाचाने गुणले की ०.१४८. ०.४६ मधून ते वजा केले की ०.३१२. हेच आमच्या शेजारणीचे उत्तर होते.

०.४०१ वाली वर्ग घ्यायला विसरली होती. ०.६०८ वालीने, म्हणजे त्या पहिल्या नंबरवालीने, Q उलटा केला होता. वजाबाकीची बेरीज झाली आणि उत्तर वाढले.

पण "तुझे बरोबर, त्यांचे चूक" असे मी सांगून मोकळा झालो असतो, तर तिने माझ्यावर विश्वास ठेवला असता, स्वतःच्या गणितावर नाही. म्हणून तिला पडताळ्याची एक रीत दाखवली. समीकरण बाजूला ठेव आणि दोन अर्धघट वेगवेगळे बघ. एका इलेक्ट्रॉनच्या आयनाची तीव्रता दहा पटीने घटली की त्याच्या अर्धघटाचे विभव सुमारे ०.०५९ ने उतरते. दोन इलेक्ट्रॉनच्या आयनाचे त्याच्या निम्म्याने, सुमारे ०.०३० ने. जणू जिन्याच्या पायऱ्या. चांदी एकपासून ०.००१ पर्यंत खाली आली, म्हणजे तीन पायऱ्या. ०.८० मधून ०.१७८ गेले आणि ०.६२२ राहिले. तांबे एक पायरी उतरले, ०.३४ चे ०.३१० झाले. वजाबाकी केली, ०.३१२. इथे वर्ग विसरायला जागा नाही आणि Q उलटा करायलाही नाही.

ही रीत कळली की ०.६०८ हे उत्तर गणित न करताही खटकते. चांदीच्या आयनांनी इलेक्ट्रॉन घ्यायचे आहेत, आणि तेच हजारपटीने कमी आहेत. मग घटाचा जोर कमी व्हायला हवा, ०.४६ च्या वर तो जाईलच कसा?

तिला मात्र अजून शंका होती. म्हणाली, "काका, खरोखर मोजले तर एवढेच येईल?" दुसऱ्या दिवशी असाइनमेंट देऊन ती परत आली आणि परवानगी काढून आम्ही माझ्या जुन्या प्रयोगशाळेत गेलो. ऊर्ध्वपातित पाण्यात दोन्ही द्रावणे केली. नळाचे पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर नायट्रेट गढूळ होते. क्षारसेतूसाठी गाळणकागदाची पट्टी तिथल्याच एका बाटलीतल्या द्रावणात भिजवली, दोन्ही भांड्यांत तिची टोके सोडली आणि मल्टिमीटर लावला. आकडा ०.३३ दाखवून घसरायला लागला. ०.३१, ०.२९. पाच मिनिटांत ०.२७. मुलीचा चेहरा पडला. "म्हणजे माझेही चूक!"

चूक तिची नव्हती, माझी होती. चांदीच्या भांड्यात पट्टीच्या टोकापाशी दुधट ढग धरला होता. बाटली पोटॅशियम क्लोराइडची होती. एरवी क्षारसेतूला तेच वापरतात, पण चांदी असेल तिथे ते चालत नाही. क्लोराइड पाझरून चांदीच्या आयनांशी जुळते आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो. चाळीस वर्षे हेच मुलांना बजावत आलो आणि स्वतःच फसलो.

पण त्या चुकीतही गणित होते. मी तिला विचारले, ०.३३ वरून ०.२७ झाले, म्हणजे किती उतरले? ०.०६, जवळजवळ एक पायरी. म्हणजे पट्टीजवळच्या त्या भांड्यात मोकळे चांदीचे आयन सुमारे दहावा हिस्साच उरले होते. न तोलता, न गाळता, नुसत्या व्होल्टच्या आकड्यावरून आम्हाला ते कळले. प्रयोगशाळेतला पीएच मीटर याच तत्त्वावर चालतो. तिथे चांदीऐवजी हायड्रोजनचे आयन असतात, आणि पीएच एका अंकाने बदलला की २५ अंशाला ०.०५९ व्होल्टचा फरक पडतो.

भांडी धुतली, ताजे द्रावण घेतले, पट्टी पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवली. या वेळी आकडा ०.३३ वर थांबला आणि तिथेच राहिला.

"०.३१२ का नाही?" हा तिचा पुढचा प्रश्न. प्रश्न चांगला होता. नेर्न्स्टच्या समीकरणात खरे तर तीव्रता घालायची नसते, आयनांची परिणामकारक तीव्रता घालायची असते. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या प्रत्येक आयनावर दोन धनभार आणि सल्फेटवर दोन ऋणभार असतात. ते एकमेकांना इतके ओढून धरतात की ०.१ मोल तांबे ०.१ इतके काम करत नाही. त्याचा परिणाम सुमारे ०.०१५ इतकाच उरतो. तांबे अर्धघट आणखी पाऊण पायरीहून थोडा जास्त, म्हणजे ०.०२ च्या वर उतरतो, आणि वजा होणारा आकडा लहान झाला की घटाचे विभव तेवढे वाढते. चांदीचे द्रावण फार विरळ असल्याने तिथे हा फरक नगण्य असतो. बारावीच्या गणितात तीव्रताच घालतात, म्हणून पुस्तकी उत्तर ०.३१२ हेच. मल्टिमीटर मात्र ०.३३ च दाखवणार.

तिने वहीत ०.३१२ च्या खाली पेन्सिलीने लिहिले: "मोजलेले ०.३३." मग जरा थांबून विचारले, "काका, मोरचुदाऐवजी कॉपर नायट्रेट घेतले तर हा फरक कमी होईल का?" नायट्रेटवर एकच ऋणभार असतो, त्यामुळे ओढ कमी, तेव्हा कमी व्हायला हवा. पुढच्या शनिवारी आम्ही तेच मोजणार आहोत.