सहा षटकांचा भाव

20 एप्रिल 2024, दिल्ली. ऋषभ पंतने नाणेफेक जिंकून हैदराबादला फलंदाजी दिली. सहा षटकं संपली तेव्हा फलकावर 125 धावा होत्या आणि एकही गडी बाद झालेला नव्हता. ट्रॅव्हिस हेडच्या 26 चेंडूंत 84, अभिषेक शर्माच्या 10 चेंडूंत 40. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत पॉवरप्लेमध्ये इतक्या धावा तोवर कोणीच काढल्या नव्हत्या. पुढच्याच महिन्यात, 26 मेला, चेन्नईत अंतिम सामना होता. सलामीला तीच जोडी. मिचेल स्टार्कने पहिल्याच षटकात अभिषेकचा त्रिफळा उडवला, दुसऱ्या षटकात हेड पहिल्याच चेंडूवर यष्टीमागे झेल देऊन परतला, आणि सहा षटकांअखेर धावा होत्या 40, गडी तीन.

या दोन्ही सामन्यांआधी कुणीतरी बसून एक आकडा ठरवला होता. पहिल्या सहा षटकांत अमुक धावांपेक्षा जास्त होतील की कमी, हा त्यातला प्रश्न. ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या कंपन्या हा आकडा उघडपणे छापतात आणि त्याला ‘लाइन’ म्हणतात. आपल्याकडे चोरट्या बाजारात त्यालाच ‘सहा ओव्हरचं सेशन’ म्हणतात. ऑनलाइन पैसे लावण्याच्या खेळांवर भारतात 2025च्या कायद्याने बंदी आली आहे. मला त्या पैशांत रस नाही, आकडा कसा बनतो यात आहे. टीव्हीवर आपण ज्याला ‘फॉर्म’, ‘छोटं मैदान’, ‘धोकादायक जोडी’ म्हणून सोडून देतो, त्या प्रत्येक शब्दाची इथे धावांमध्ये किंमत करावी लागते, आणि ती करायला बसलं की आपल्या बऱ्याच समजुती हलतात.

पहिली समजूत सरासरीची. लाइन म्हणजे अपेक्षित धावांची सरासरी, असं वाटतं. ती सरासरी नसते. समजा पाच सामन्यांत पॉवरप्लेच्या धावा 40, 45, 50, 55 आणि 125 झाल्या. सरासरी येते 63, पण पाचांपैकी चार सामन्यांत धावा 63 पेक्षा कमीच होत्या. 63 ची लाइन लावली तर ‘कमी’ म्हणणारा जवळजवळ रोज जिंकेल. हवा असतो तो मधला आकडा, मध्यक, ज्याच्या वर निम्मे सामने आणि खाली निम्मे. इथे तो 50. पॉवरप्लेच्या धावांना वरच्या बाजूला लांब शेपूट असतं. दिल्लीसारखा दिवस सरासरीला ओढून नेतो, मध्यकाला मात्र धक्काही लावत नाही. म्हणून लाइन बहुधा सरासरीपेक्षा एखाद्या धावेने खाली बसते. शिवाय ती अर्ध्यावर ठेवतात, 52.5 सारखी, म्हणजे बरोबरी होतच नाही.

आता एक सामना उभा करू. यातले आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. एका स्पर्धेत पॉवरप्लेची सरासरी 51 धावा आहे. त्यातल्या 3 अवांतर आणि 48 बॅटमधून, म्हणजे शंभर चेंडूंमागे 133. पहिल्या सलामीवीराने पॉवरप्लेमधल्या 300 चेंडूंत शंभरामागे 160 च्या वेगाने धावा केल्या आहेत, दुसऱ्याने 600 चेंडूंत 140 च्या वेगाने. हे आकडे जसेच्या तसे उचलणं ही नवशिक्याची चूक. 300 चेंडू म्हणजे फार तर वीस-बावीस डाव, त्यात नशिबाचा वाटा मोठा. म्हणून प्रत्येकाच्या खात्यात स्पर्धेच्या सरासरीने खेळलेले काही चेंडू मिसळतात. किती मिसळायचे हे जुन्या हंगामांवरून पुढच्याचा अंदाज करून पाहून ठरतं. इथे 300 घेऊ. पहिल्याचे 160 उतरून साधारण 147 होतात, दुसऱ्याचे 140 उतरून 138. म्हणजे ही जोडी सरासरीपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी वेगवान.

सात टक्के हा आकडा थोडा वाटेल, पण तोही पूर्ण मिळत नाही. सलामीची जोडी सहा षटकं टिकेल, हे कुणी सांगितलं? दर 25 चेंडूंमागे एक गडी पडतो असं धरलं, तर 36 चेंडूंत एकही गडी न पडण्याची शक्यता निघते जेमतेम 23 टक्के. चारांतल्या तीन सामन्यांत तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज पॉवरप्ले संपायच्या आतच मैदानात येतो. हिशेब केला तर सलामीवीरांच्या वाट्याला 36 पैकी सरासरी 26 चेंडू येतात. उरलेले दहा चेंडू नुकत्याच आलेल्याचे, आणि तो पहिले काही चेंडू नजर बसवायला घेतो. त्याचा वेग सरासरीपेक्षा सात टक्के कमी धरला, की सगळ्यांचा मिळून गुणक 1.03 वर येतो. बॅटमधल्या 48 धावांच्या होतात साडेएकोणपन्नास. गाजलेल्या जोडीमुळे मिळाली ती दीड धाव. तिच्या नावावर लोक दहा धावा वाढवून बोलतात.

गोलंदाजांकडे बघताना नाव पाहण्याआधी षटकं कोण टाकणार ते पाहावं लागतं. समोरच्या संघाचा चेंडू हलवणारा मुख्य गोलंदाज सहांपैकी तीन षटकं टाकेल की दोनच टाकून शेवटासाठी राखला जाईल, यावर सगळं फिरतं. आपल्या सामन्यात तो तीन टाकतो आणि त्याच्यावर आठ टक्के कमी धावा होतात. दुसरा दोन टाकतो, तो तीन टक्के महाग. एक षटक फिरकीचं, तीन टक्के स्वस्त. मिळून गुणक 0.965, आणि साडेएकोणपन्नासच्या झाल्या 47.8. शिवाय कोण कोणाला टाकतो याचाही हिशेब असतो. हेड आणि अभिषेक दोघेही डावखुरे, आणि अंतिम सामन्याच्या पाचच दिवस आधी अहमदाबादला स्टार्कने हेडचा शून्यावर त्रिफळा उडवला होता. अशा आठवणीला थोडं वजन द्यावं, फार देऊ नये. दोघांची समोरासमोर गाठ पडलेले चेंडू मोजायला गेलात तर ते थोडेच भरतात.

सगळ्यात जास्त गैरसमज मैदानाबद्दल आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत सीमारेषा खेळपट्टीपासून कमीत कमी 65 यार्ड आणि जास्तीत जास्त 90 यार्डांवर असते, म्हणजे साधारण 59 ते 82 मीटर. एवढ्या फरकाचा परिणाम मोठा असणारच, असं वाटतं. पण पॉवरप्लेमध्ये तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर फक्त दोनच क्षेत्ररक्षक असतात. जमिनीलगतचा फटका वर्तुळ भेदून गेला की मागे अडवणारं कुणी नसतं. सीमारेषा 60 मीटरवर असो की 70 वर, चौकार तो चौकारच. तिथे कापलेलं आणि घट्ट दाबलेलं गवत जास्त बोलतं, कारण ओलसर, जाड गवतावर चेंडू रेषेआधी मरतो.

उंच फटक्याचं पाहा. फलंदाजाने मिडविकेटवरून उचलला आणि चेंडू 64 मीटरवर पडला. छोट्या मैदानावर षटकार. मोठ्या मैदानावर, पॉवरप्लेमध्ये तिथे माणूस नसेल तर तो टप्पा खाऊन चौकार जातो. फरक दोन धावांचा. हाच फटका सतराव्या षटकात खेळला, तर बाहेर पाच जण उभे असतात. मोठ्या मैदानावर तो झेल किंवा फार तर एक धाव, छोट्यावर षटकार. म्हणून छोट्या मैदानाचा खरा फायदा शेवटच्या षटकांत वसूल होतो. संपूर्ण डावाच्या धावांवरून मैदानाचा गुणक काढून तोच पॉवरप्लेला लावणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. घरच्या संगणकावर हे गणित मांडताना मी बंगळुरूच्या चिन्नास्वामीला भलामोठा गुणक दिला होता, आणि महिनाभर माझे आकडे तिथे सतत वर जात राहिले. शोधल्यावर कळलं, की मैदानावरच्या धावांत यजमान संघाच्याच सलामीवीरांचा मोठा हिस्सा होता. त्यांचा वेग मी एकदा फलंदाज म्हणून मोजला आणि पुन्हा मैदान म्हणून. तेव्हापासून मी आधी फलंदाज आणि गोलंदाजांचा भाग वजा करतो आणि जे उरतं तेवढंच मैदानाच्या नावावर लिहितो. शिवाय एकच मैदान रोज सारखं नसतं. सामना कडेच्या खेळपट्टीवर असला तर एका बाजूची सीमारेषा बरीच जवळ येते. ती बाजू डावखुऱ्याच्या पुलच्या फटक्याला मिळते का, हे त्या दिवशीच ठरतं.

आपल्या सामन्यात मैदान छोटं आहे, पॉवरप्लेपुरता गुणक 1.05 घेऊ. 47.8 च्या झाल्या 50.2. त्यात अवांतर 3 मिळवल्या की सरासरी निघते 53 च्या आसपास. मग संगणकाकडून हाच पॉवरप्ले चेंडूमागून चेंडू दहा हजार वेळा खेळवून घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी येणारा एकूण आकडा टिपायचा. समजा 4,880 वेळा 53 किंवा जास्त आल्या आणि 5,120 वेळा 52 किंवा कमी. लाइन 52.5. ‘जास्त’ची शक्यता 48.8 टक्के, ‘कमी’ची 51.2. रुपयामागे रास्त परतावा झाला असता 2.05 आणि 1.95. कंपनी त्यावर आपला वाटा चढवते. तो पाच टक्के धरला तर छापलेले भाव होतात 1.95 आणि 1.86. म्हणजे अंदाज अगदी अचूक असलेला माणूसही यात हळूहळू हरतच जातो. जिंकायचं तर कंपनीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक शहाणं असावं लागेल, आणि तेही रोज.

हे सगळं नाणेफेकीपूर्वीचं. सलामीला कोण येणार हे तेव्हा गृहीत असतं, नक्की नसतं. संघ जाहीर होतात आणि एखादा सलामीवीर बाहेर बसलेला दिसला, की लाइन त्याच मिनिटाला सरकते. 2023 पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअर आला, तेव्हा आदल्या हंगामांवर बेतलेले सगळे आकडे जुने झाले. एक फलंदाज जास्त हाताशी असला की सलामीवीर गडी गमावण्याला कमी भितात.

आणि सामना सुरू झाला की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या सामन्यात दोन षटकांत 14 धावा झाल्या, पण त्यात तो वेगवान पहिला सलामीवीर गेला. उरलेल्या चार षटकांत आधी 37-38 धावा अपेक्षित होत्या, आता 34 धरायच्या. 14 आणि 34 मिळून 48, लाइन 47.5. गडी पडलेल्या क्षणी भाव बंद होतो, कारण मैदानात बसलेल्याला विकेट टीव्हीवाल्याच्या काही सेकंद आधी दिसते. पडद्यावर तो रकाना रिकामा असतो, तिकडे तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज येऊन गार्ड घेतो, पंचांकडे पाहून बॅट थोडी सरकवतो. गोलंदाज धावू लागायच्या आत रकान्यात नवा आकडा आलेला असतो.